साडेआठचं पान: आमटी, भात, भाजी आणि पोळ्या एकाच वेळी गरम कशा वाढायच्या

स्वयंपाक नव्याने करायला लागलेल्या माणसाला एकेक पदार्थ जमतो. कुकर लावता येतो, भाजी फोडणीला टाकता येते, पोळीही बऱ्यापैकी गोल होते. पण चारही गोष्टी करायला घेतल्या की भाजी सातलाच होऊन गार पडते, आमटी उकळायची राहते आणि शेवटच्या चार पोळ्या होईपर्यंत बाकीच्यांची जेवणं उरकत आलेली असतात. पदार्थ चुकलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. म्हणून इथे पाककृती थोडक्यात सांगते आणि घड्याळाबद्दल सविस्तर बोलते.

डोळ्यांसमोर एक ठरावीक घर ठेवू. चार माणसं, दोन बर्नरची शेगडी, पाच लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे. स्वयंपाक करणारं माणूस एकच. जेवायची वेळ साडेआठ. बेत साधा: भात, तुरीच्या डाळीची आमटी, फ्लॉवर-बटाट्याची भाजी आणि बारा घडीच्या पोळ्या. करणाऱ्यानेही सगळ्यांबरोबरच बसायचं, हीही अट आहे. ही अट काढली तर प्रश्न फार सोपा होतो, कारण मग एकजण तव्यापाशी उभा आणि बाकीचे गरम गरम खातायत हा आपल्याकडचा जुना बंदोबस्त आहेच.

आधी पोळ्यांचा हिशेब

वेळ ठरवताना बहुतेक जण कुकरपासून सुरुवात करतात. खरं तर पोळ्यांपासून करायला हवी. कुकर गॅसवर ठेवला की त्याला तुमची गरज नसते. भाजीवर झाकण घातलं की तिलाही फारशी नसते. पोळी मात्र तुमचे दोन्ही हात मागते, आणि बारा पोळ्या होईपर्यंत मागतच राहते. दोन बर्नर कमी पडतात असं वाटतं, पण नीट पाहिलं तर कमी पडतात ते हात.

हात बसलेलं माणूस एक पोळी लाटत असताना आधीची तव्यावर भाजतं, आणि त्याची एक पोळी सरासरी पावणेदोन ते दोन मिनिटांत होते. म्हणजे बारा पोळ्यांना एकवीस ते चोवीस मिनिटं. नवख्याला एकेका पोळीला तीन मिनिटंही लागतात, मग हीच गोष्ट छत्तीस मिनिटांवर जाते. त्यामुळे वेळापत्रक करण्याआधी एखाद्या दिवशी पाच पोळ्या घड्याळ लावून करून बघा. पहिली पोळी मोजू नका, तोवर तवा नीट तापलेला नसतो. उरलेल्या चारांना लागलेल्या वेळेला चाराने भागा. तो तुमचा आकडा. पुढचं सगळं त्याच्याभोवती बसवायचं आहे. मी इथे दोन मिनिटं धरते.

पोळी कोणती, यानेही फरक पडतो. फुलका तव्यावरून उतरला की पाच-सात मिनिटांत चिवट व्हायला लागतो, तो थेट पानात पडण्यासाठीच आहे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी थंड झाली की कडक होते. घडीच्या पोळीत मात्र पदरांमध्ये तेल असतं, वरूनही तेलाचा हात फिरतो, त्यामुळे ती फडक्यात गुंडाळून ठेवली तर अर्धा तास मऊ आणि कोमट-गरम राहते. सगळ्यांनी एकदम बसायचं असेल तर घडीची पोळीच करा. भाकरीचा बेत असेल त्या दिवशी एकदम बसायचा हट्ट सोडलेला बरा.

कोण किती वेळ थांबतं

चारही पदार्थ गरम राहण्याच्या बाबतीत सारखे नाहीत, आणि क्रम यावरूनच ठरतो.

भात बंद कुकरमध्ये सगळ्यात निवांत असतो. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप उतरायला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतरही झाकण न उघडता ठेवला तर अर्धा-पाऊण तास भात वाफाळता राहतो, कारण डब्याखाली गरम पाणी असतं आणि भोवती जाड भांडं. म्हणून भात लवकर झाला तरी बिघडत नाही. आमटी पातळ असल्याने पुन्हा उकळता येते, उलट दोन उकळ्या जास्त आल्या तर ती मिळूनच येते. भाजी मधली. जाड कढईत झाकून ठेवली तर पंधरा-वीस मिनिटं बरी राहते, त्यापुढे तिला परत आच दाखवावी लागते. पोळी सर्वांत आधी गार होते.

यातून क्रम निघतो तो असा: कुकर पहिला, त्याच्या पाठोपाठ भाजी, कुकरची वाफ उतरली की आमटी, आणि पोळ्या अगदी शेवटपर्यंत. पण इथे एक गाठ आहे. आमटीची डाळ कुकरमध्ये आहे. कुकर उघडल्याशिवाय आमटी सुरू होत नाही, आणि कुकर उघडतो तेव्हा तुम्ही पोळ्यांच्या मधोमध असता. घोळ नेमका इथेच होतो. वेळापत्रक मुख्यतः ही गाठ सोडवण्यासाठी आहे.

सात वाजून पाच मिनिटं: भिजवणं आणि मळणं

पाऊण वाटी तूरडाळ आणि दीड वाटी तांदूळ धुऊन वेगवेगळे भिजत घाला. वाटी म्हणजे आपली आमटीची, साधारण दीडशे मिलिलिटरची. भिजलेली डाळ शिजायला कमी वेळ घेते, आणि मुख्य म्हणजे किती वेळ घेईल याचा अंदाज चुकत नाही. कोरडी डाळ एखाद्या दिवशी तीन शिट्ट्यांत शिजते आणि पुढच्या पिशवीतली पाच शिट्ट्यांतही टणक राहते. ज्या दिवशी घड्याळ धरून चालायचं आहे त्या दिवशी हा धोका घेऊ नका.

लगेच कणीक मळायला घ्या. बारा मध्यम पोळ्यांना साधारण 350 ग्रॅम कणीक लागते. मीठ, थोडं तेल, आणि पाणी बेताबेताने. मळून झाली की तेलाचा हात फिरवून झाकून ठेवा. पीठ पाणी पिऊन सैल व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. आपल्याला पोळ्या आठला सुरू करायच्या आहेत, म्हणजे कणकेला चाळीस मिनिटं मिळतात. न मुरलेली कणीक लाटताना आखडते, पोळी परत परत ओढून लाटावी लागते आणि दोन मिनिटांच्या पोळीची तीन मिनिटं होतात. बारा पोळ्यांत ही बारा मिनिटं झाली.

मग भाजी चिरा: मध्यम फ्लॉवर, दोन बटाटे. बटाट्याच्या फोडी फ्लॉवरच्या तुऱ्यांपेक्षा लहान हव्यात, कारण बटाटा शिजायला जास्त वेळ घेतो. दोन्ही एका वेळी शिजले पाहिजेत, नाहीतर बटाट्याची वाट बघता बघता फ्लॉवरचा लगदा होतो.

सात पस्तीस: कुकर मोठ्या बर्नरवर

कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी घाला आणि जाळी ठेवा. खालच्या डब्यात डाळ, तिच्या अडीच पट पाणी, चिमूट हिंग, हळद आणि तेलाचे दोन थेंब. वरच्या डब्यात तांदूळ आणि दुप्पट पाणी. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी करा. डाळ खाली ठेवायची कारण तिला जास्त उष्णता लागते. भाताच्या डब्यावर ताटली ठेवायला विसरू नका. वाफेचं पाणी झाकणावरून ठिबकत राहतं, आणि आपला भात कुकरमध्ये बराच वेळ थांबणार आहे. ताटली नसेल तर वरचा थर चिकट होतो.

डाळीत मीठ, चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आत्ता घालू नका. आंबट पदार्थाने डाळ शिजायची मंदावते. हे सगळं नंतर आमटीत.

मोठ्या आचेवर पहिली शिट्टी साधारण दहा मिनिटांत येते. पावणेआठपर्यंत आली नाही तर कुकरकडे नीट बघा. झाकणाच्या कडेने फिस्स करत वाफ जात असेल तर रिंग नीट बसलेली नाही किंवा जुनी होऊन सैल पडली आहे. गॅस बंद करा, वाफ जाऊ द्या, रिंग ओली करून परत बसवा. हे लगेच केलं तर पाच-सात मिनिटांचं नुकसान होतं. वाट बघत बसलात तर तळाचं पाणी आटून जाळी करपते, आणि मग वेळापत्रकाला अर्थ राहत नाही.

ही दहा मिनिटं रिकामी दिसतात. रिकामी ठेवू नका. फोडणीचं सगळं सामान काढून ओट्यावर मांडा, कोथिंबीर चिरा, नारळ खवा, चिंच किंवा आमसूल भिजवा, कोशिंबीर कालवायची असेल तर फोडणीशिवाय तयार ठेवा. ताटं, वाट्या, पाण्याचे पेले लावून टाका. आठनंतर तुमचे हात पिठाचे असणार आहेत, तेव्हा डब्यांची झाकणं उघडायला घरातल्या दुसऱ्याला हाक मारावी लागते.

सात सत्तेचाळीस: भाजी लहान बर्नरवर

भाजी याआधी सुरू करायचा मोह होतो, कारण बर्नर मोकळा दिसत असतो. तो आवरा. भाजी सात चाळीसला टाकली तर आठला होते आणि मग अर्धा तास गार होत बसते. सत्तेचाळीसला टाकली तर आठ वाजून सात-आठ मिनिटांनी होते, आणि त्याच सुमारास कुकर उघडून आमटीला तो बर्नर लागणार असतो. म्हणजे बर्नर एक मिनिटही रिकामा राहत नाही आणि भाजीचं थांबणं वीस मिनिटांवर येतं.

कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, फोडी, मीठ. परतून घ्या आणि कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात दीड-दोन वाट्या पाणी घाला. झाकणावरचं हे पाणी दोन कामं करतं. ताटली पूर्ण तापू देत नाही, त्यामुळे आतली वाफ तिच्यावर लागून परत भाजीत पडते आणि वेगळं पाणी न घालता भाजी शिजते. दुसरं म्हणजे ते पाणी स्वतः तापतं. आठ वाजून दहा मिनिटांनी आमटीला गरम पाणी लागणार आहे, ते हेच. वेगळं पातेलं नको, वेगळा बर्नर नको.

भाजीवर झाकण पडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या असतात. गॅस बारीक करून पाच-सहा मिनिटं ठेवा आणि सात पंचावन्नला बंद करा. कुकर जपून, दोन्ही हातांनी, बर्नरवरून उतरवून ओट्यावर लाकडी पाटावर किंवा दुमडलेल्या जाड फडक्यावर ठेवा. थेट गार दगडी ओट्यावर ठेवला तर तळ विनाकारण थंड होतो. आता त्याला हात लावायचा नाही.

आठ वाजता: तवा

मोठा बर्नर मोकळा झाला की तवा चढवा. तो तापेपर्यंत बारा लाट्या करून परातीत झाकून ठेवा. लाट्या आधी केल्या तर चालतं. पोळ्या आधी लाटून ठेवल्या तर चालत नाही, त्या कडेने वाळतात, एकमेकींना चिकटतात आणि तव्यावर फुगत नाहीत. फार तर एक लाटलेली पोळी पुढे असावी.

तवा किती तापलाय हे पिठाने कळतं. चिमूटभर सुकं पीठ टाका. ते सावकाश तांबूस झालं तर बरोबर, टाकताक्षणी काळं पडलं तर जास्त तापलाय. कमी तापलेल्या तव्यावर पोळी जास्त वेळ राहते, वाळते आणि पापडासारखी होते. अशी पोळी कितीही गुंडाळून ठेवा, मऊ राहत नाही. गरम राहण्याची सुरुवात तव्यावरच होते.

पोळ्यांच्या डब्यात तळाशी सुती फडकं घाला आणि ते वरून दुमडता येईल एवढं मोठं घ्या. पहिली पोळी उतरवली की अर्धा मिनिट जाळीवर किंवा परातीच्या कडेला टेकवून तिची वाफ जाऊ द्या, मग डब्यात. थेट टाकली तर खालच्या पोळीला घाम सुटतो. पुढच्या पोळ्या एकावर एक ठेवत जा आणि प्रत्येक वेळी फडकं परत झाका. पोळ्यांची चळतच एकमेकींना ऊब देते, एकटी पोळी पाच मिनिटांत गार होते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन पोळ्या जरा कोमट होतात. वाढताना चळत उलटी करू नका, वरूनच घेत जा, म्हणजे त्या सगळ्यांत आधी नाही तर शेवटी येतील.

डबा स्टीलचा असला तरी चालतो. हॉटपॉट असेल तर आधी त्यात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, ओतून पुसून घ्या, मग फडकं. गार हॉटपॉट पहिल्या चार पोळ्यांची उष्णता स्वतःच शोषून घेतो, ही गोष्ट त्याच्या खोक्यावर लिहिलेली नसते.

मधे दोनदा भाजी हलवायची आहे. पोळी तव्यावर टाकल्या टाकल्या हलवा, उलटायच्या वेळी नाही.

आठ दहा: गाठ सोडवणं

या वेळेपर्यंत पाच पोळ्या झालेल्या असतात. आता तव्याचा गॅस अगदी बारीक करा आणि हात धुवा. पुढची पाच मिनिटं पोळ्या बंद.

भाजी उतरवा, ताटलीतलं गरम पाणी बाजूला काढून ठेवा, कढई झाकून कुकरशेजारी ठेवा. कुकरची शिट्टी सांडशीने जराशी उचलून पाहा. आवाज आला नाही तर वाफ उतरलेली आहे, झाकण सहज फिरतं. फुस्स झालं तर दोन मिनिटं थांबा आणि तोवर एक पोळी करून घ्या. झाकणावर गार पाणी ओतून वाफ उतरवायची घाई करू नका. दाब एकदम पडला की डब्यातली डाळ आत उसळून उकळते आणि कडेने उतू जाते, क्वचित वरच्या भाताच्या बुडालाही लागते.

वरचा भाताचा डबा काढून, खालचा डाळीचा डबा घेऊन, भाताचा डबा जाळीवर परत ठेवा आणि कुकरचं झाकण लावून टाका. हे वीस-तीस सेकंदांत व्हायला हवं. रिंग घट्ट करायची गरज नाही, नुसतं झाकण पुरतं. भाताला परत वाढायच्या वेळीच उघडायचं.

डाळ रवीने किंवा डावाच्या पाठीने घोटा. पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, हळद. फोडणी तडतडली की डाळ ओता आणि भाजीच्या झाकणावरचं गरम पाणी घालून हवी तितकी पातळ करा. मीठ, गूळ, आमसूल, गोडा मसाला घाला. गरम पाण्याचं महत्त्व इथे कळतं. गार पाणी घातलं तर आमटी उकळी यायलाच सहा-सात मिनिटं घेते आणि तोवर तुम्ही तवा सोडून तिच्याकडे बघत बसता. गरम घातलं तर दोन मिनिटांत उकळी फुटते. मग आच मध्यम करून झाकण अर्धवट ठेवा, नाहीतर ती उतू जाऊन बर्नर विझवेल. पुढची दहा मिनिटं तिला तुमची गरज नाही.

सव्वाआठला परत तव्यापाशी. गॅस मोठा करा, सुकं पीठ तव्यावर राहिलं असेल तर फडक्याने पुसून घ्या, नाहीतर पुढच्या पोळीला काळे ठिपके पडतात. उरलेल्या सात पोळ्यांना चौदा मिनिटं लागतात.

पंचवीस झाले की आमटीचा गॅस बंद करा आणि तिच्या जागी भाजीची कढई ठेवा. मोठ्या आचेवर नाही, मध्यम, झाकून, दोन मिनिटं. एकदा खालीवर करून कोथिंबीर घाला. आमटी पातळ आणि भांडंभर आहे, ती पाच मिनिटांत गार होत नाही. भाजी पसरट कढईत आहे, तिला शेवटची आच लागते. आता जेमतेम एक-दोन पोळ्या उरलेल्या असतात.

सगळ्यांना साडेआठला पानावर बोलवायचं असेल तर हाक आठ सव्वीसला मारा. हात धुणं, टीव्ही बंद करणं, फोन ठेवणं यात चार मिनिटं जातात, कुठल्याही घरात.

शेवटची पोळी भाजत असताना एकाला भाताचा डबा काढायला सांगा. भात डब्यातून काढताना चमच्याने कडा मोकळ्या करून हलक्या हाताने फुलवावा, तो दडपलेला राहिला तर वरचा थर लवकर गार होतो. फुलवलेला भात मात्र लगेच वाढायचा, कारण फुलवला की तो उष्णता टाकायलाही लागतो.

वेळापत्रक बिघडलं तर

सगळ्यांत वारंवार होणारी गोष्ट म्हणजे डाळ न शिजणं. आठ दहाला डबा काढला, दाणा बोटांत दाबला आणि मधे टणक लागला तर घोटून काही होत नाही. भाताचा डबा बाहेर काढून झाकून ठेवा. एकटी डाळ परत कुकरमध्ये, तळाला अर्धी वाटी गरम पाणी, लहान बर्नरवर दोन शिट्ट्या. तोवर पोळ्या चालू ठेवा. कुकर आधीच गरम असल्याने शिट्टी चार-पाच मिनिटांत येते. या वेळी दाब उतरायची वाट बघता येणार नाही, पण डबा अर्धाच भरलेला असतो, त्यामुळे सांडशीने शिट्टी थोडी थोडी उचलून वाफ सोडली तरी उतू जात नाही. चेहरा आणि हात वाफेच्या वाटेत नकोत. जेवण दहा-बारा मिनिटांनी पुढे जाईल, पण काही गार होणार नाही.

पोळ्या मागे पडल्या तर एक निर्णय सव्वाआठलाच घ्या. त्या वेळी पाचाऐवजी तीनच पोळ्या झाल्या असतील तर साडेआठला बारा होणार नाहीत. नऊ करून थांबा. भात आहे, कोणी उपाशी राहत नाही. उरलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवून सकाळी डब्याला वापरता येते. बाराचा हट्ट धरलात तर पहिल्या सात गार होतात आणि शेवटच्या दोन घाईत कच्च्या राहतात.

तुमचा आकडा तीन मिनिटांचाच असेल तर वेळापत्रकच वेगळं लावा. भिजवणं आणि मळणं वीस मिनिटं आधी घ्या, कुकर सात पस्तीसऐवजी सव्वासातला चढवा, सात पन्नासला उघडा आणि आमटी आधी पूर्ण करून घ्या. म्हणजे पोळ्यांमध्ये खंड पडत नाही. नवख्याचा हात एकदा थांबला की परत लयीत यायला दोन पोळ्या जातात. भाजी सात सत्तावीसला टाका, ती आमटीच्या आधीच होईल आणि शेवटी तिला परत गरम करावी लागेल. आमटीही वाढण्याआधी एकदा उकळून घ्या. भात तेवढा वेळ बंद कुकरमध्ये राहतो. तासभर चालतं, पण दुपारचा भात कोमट कुकरमध्ये रात्रीपर्यंत ठेवायची सवय नको. कोमट भात फार लवकर खराब होतो आणि वासावरून ते कळेलच असं नाही.

भाजी बदलली तरी थोडा विचार करावा लागतो. कोबी, फरसबी, दुधी, मटकीची उसळ यांना झाकून थांबणं मानवतं. भेंडी आणि बटाट्याच्या काचऱ्या यांना नाही. त्या झाकल्या की घामाने मऊ पडतात आणि उघड्या ठेवल्या की गार होतात. अशी भाजी ज्या दिवशी आहे त्या दिवशी आमटी आधी उरका, भाजी आठ दहाला लहान बर्नरवर टाका आणि पोळ्या लाटता लाटता हलवत राहा. झाकणावरचं गरम पाणी त्या दिवशी मिळत नाही, ते कुकरच्या तळाला उरलेलं असतं, तेच आमटीला घ्या. डाळ बाहेर सांडली नसेल तर ते स्वच्छच असतं.

एकच इंडक्शन असलेल्या खोलीत राहत असाल तर कुकर, भाजी, आमटी, पोळ्या हाच क्रम, पण एकापाठोपाठ. तिथे कुकर हीच गरम पेटी. वाफ उतरली की भात आणि डाळ काढून घ्या. आमटी करून झाली की ती आणि भाजी झाकणाच्या डब्यांत भरून कुकरमध्ये तळाच्या गरम पाण्यावर एकावर एक ठेवा आणि झाकण लावा. भात दुमडलेल्या टॉवेलमध्ये डब्यासकट गुंडाळा. मग निवांत पोळ्या. एका माणसाला तीन, दोघांना सहा, त्यापेक्षा जास्त पोळ्या एका इंडक्शनवर एका बैठकीत गरम मिळत नाहीत. पाहुणे आले तर त्या दिवशी भात वाढवा आणि पोळ्या माणशी दोनवर आणा.